रजेचा अर्ज पाठवण्याआधी: शेवटची तपासणी खालून वर

रजेचे अर्ज हातावेगळे करणं हे माझं रोजचं काम आहे. आस्थापना विभागात बरीच वर्षं काढल्यावर एक गोष्ट ठामपणे सांगते. मजकुराच्या भाषेमुळे अर्ज परत जातो, असं क्वचितच होतं. तो परत जातो सहीच्या आसपासच्या आणि सहीखालच्या भागामुळे. सहपत्रांच्या यादीत तीन कागद असतात आणि हातात येतात दोन. सहीखाली पदनाम दोन वर्षांपूर्वीचं असतं. रजेच्या काळातला संपर्क म्हणून टेबलावरच्या फोनचा क्रमांक दिलेला असतो, आणि त्या टेबलापाशी तेव्हा कोणी बसणारच नसतं.

याचं कारण साधं आहे. मजकूर आपण दहा वेळा वाचतो, कारण रजा मिळणं न मिळणं त्यावर ठरतं असं वाटत असतं. खालचा भाग मात्र शेवटी, घाईत आणि बहुतेक वेळा जुन्या अर्जातून उचलून लिहिला जातो. वाचतानाही डोळे तिथे पोचेपर्यंत थकलेले असतात. म्हणून शेवटची तपासणी मी उलटीकडून करायला सांगते: आधी सहपत्रं, मग सही, मग संपर्क, आणि मजकूर सगळ्यात शेवटी. पंधरा-वीस मिनिटं लागतात. अर्ज परत आला तर मात्र दोन-तीन दिवस जातात, आणि घरचं आजारपण असेल तर तेवढे दिवस हाताशी नसतात.

सगळं नीट दिसावं म्हणून एकच अर्ज घेऊ. आठवड्यातून पाच दिवस काम असलेल्या एका कर्मचारी बाईंना वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी रजा हवी आहे. अर्ज ई-मेलने जायचा आहे, सही केलेल्या पीडीएफच्या रूपात. त्यांचा मसुदा असा होता:

> माझ्या वडिलांच्या गुडघ्यावर दि. १० मार्च २०२६ रोजी शस्त्रक्रिया होणार आहे. रुग्णालयाचे पत्र व डॉक्टरांचा सल्ला सोबत जोडला आहे. तरी दि. ९ ते २० मार्च अशी १० दिवसांची रजा मंजूर करावी, ही विनंती. माझ्या कामाची तात्पुरती वाटणी सोबतच्या तक्त्यात दिली आहे.
>
> आपला विश्वासू,
> (सही)
>
> सहपत्रे: १) रुग्णालयाचे पत्र २) कामाच्या वाटणीचा तक्ता

वरवर पाहिलं तर अर्ज ठीक आहे. आता तो खालून वाचू.

सहपत्रं: मजकूर, यादी आणि कागद

एकच सहपत्र तीन ठिकाणी सापडायला हवं. मजकुरात त्याचा उल्लेख हवा, सहीखालच्या यादीत त्याचं नाव हवं आणि प्रत्यक्ष कागद किंवा फाइल हवी. तिन्ही जुळले तरच ते सहपत्र पूर्ण झालं असं धरा.

त्यासाठी अर्जाची एक प्रत कागदावर काढा. पेन्सिल घेऊन मजकुरात जिथे जिथे ‘सोबत’, ‘जोडले आहे’, ‘सादर करत आहे’ असे शब्द आलेत तिथे खूण करा आणि प्रत्येक खुणेला क्रमांक द्या. वरच्या अर्जात तीन क्रमांक पडतात: रुग्णालयाचं पत्र, डॉक्टरांचा सल्ला, कामाचा तक्ता. यादीत मात्र दोनच नावं आहेत. ‘रुग्णालयाचे पत्र व डॉक्टरांचा सल्ला सोबत जोडला आहे’ या वाक्यात दोन कागद एका क्रियापदाखाली आले, आणि यादी करताना त्यातला एक निसटला. हे इतक्या वेळा होतं की ‘व’ आणि ‘आणि’ या शब्दांपाशी मुद्दाम थांबायची मी स्वतःला सवय लावली आहे.

यादीत नुसतं नाव पुरत नाही. कागदाची तारीख आणि पानांची संख्या लिहा: ‘रुग्णालयाचे पत्र, दि. २ मार्च २०२६, १ पान’. ‘डॉक्टरांचा सल्ला, २ पाने’. पानांची संख्या लिहायची म्हटली की ती मोजावी लागते, आणि मोजताना कळतं की सल्ल्याच्या कागदाची मागची बाजू स्कॅनच झालेली नाही. या बाईंच्या बाबतीत तसंच झालं होतं. घरी किती दिवस काळजी घ्यावी लागेल हे डॉक्टरांनी मागच्या बाजूला लिहिलं होतं. म्हणजे रजेच्या दिवसांना आधार देणारं वाक्यच फाइलमध्ये नव्हतं.

यानंतर प्रत्येक कागद उघडून वाचा. फाइलच्या नावावर विसंबू नका, आत काय आहे ते पाहा. वैद्यकीय कागदावर मी चार गोष्टी शोधते: रुग्णाचं नाव, कागदाची तारीख, कुठल्या काळाबद्दल तो बोलतो, आणि देणाऱ्याची सही-शिक्का. मग या चार गोष्टी अर्जाशी ताडून बघते. इथे दोन अडचणी निघाल्या. पत्रात शस्त्रक्रियेची तारीख ११ मार्च होती आणि अर्जात १०. रुग्णालयाने मधल्या काळात तारीख एका दिवसाने पुढे ढकलली होती, नवं पत्र आलं होतं, पण मजकूर जुन्या तारखेवरच राहिला होता. एका दिवसाने रजेवर परिणाम होत नव्हता. तरी अर्ज एक सांगतो आणि त्याचाच पुरावा दुसरं सांगतो म्हटल्यावर तपासणारा थांबतो आणि फाइल बाजूला ठेवतो.

दुसरी अडचण जास्त बारीक होती. पत्रावर फक्त वडिलांचं नाव होतं. अर्ज करणाऱ्या बाई त्यांची मुलगी आहेत हे पत्रावरून कळत नव्हतं आणि आडनावही वेगळं होतं. अर्जात नुसतं ‘माझ्या वडिलांच्या’ लिहिलेलं होतं, नाव नव्हतं. अशा वेळी रुग्णाचं नाव पत्रावर जसं आहे तसंच, त्याच अक्षरांत, अर्जात लिहावं आणि नातं त्याला जोडून सांगावं. नोकरीच्या नोंदीत वडिलांचं नाव असेल तर तेही तिथल्यासारखंच आहे ना ते बघावं. नात्याचा पुरावा मागायची तुमच्या ठिकाणी पद्धत असेल, तर तो चौथं सहपत्र होतो आणि त्याचाही मजकुरात उल्लेख लागतो.

डॉक्टरांनी सांगितलेले दिवस आणि मागितलेले दिवस यांचं नातंही इथेच पाहा. कागद जास्त दिवसांना आधार देत असेल आणि तुम्ही कमी दिवस मागत असाल तर काही बिघडत नाही. उलट असेल, म्हणजे कागद आठच दिवस म्हणतो आणि तुम्ही बारा मागता, तर उरलेल्या चार दिवसांचं कारण मजकुरात एका वाक्यात द्या. ते वाक्य नसेल तर मंजूर करणारा स्वतःच चार दिवस कापतो.

याच्या उलट चूकही होते: फाइल आहे, पण मजकुरात तिचा पत्ता नाही. या अर्जाला औषधांची एक पावती जोडली होती. रजेशी तिचा संबंध नव्हता. असे कागद काढून टाका. घरच्या आजारपणाची गरजेपेक्षा जास्त माहिती कुठल्याच कचेरीत जाऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

सहीचा भाग

सही शेवटच्या दुरुस्तीनंतरच करायची. हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी प्रत्यक्षात सही आधी होते आणि मग ‘एवढी एकच तारीख बदलू’ असं होतं. तारीख बदलली की ते पान पुन्हा काढा आणि पुन्हा सही करा. सहीचं चित्र जुन्या पानावरून उचलून नव्या पानावर चिकटवू नका. चिकटवलेल्या सहीभोवती राखाडी चौकट दिसते, आणि तपासणाऱ्याला आधी शंका येते ती तिथेच.

डिजिटल सही करत असाल तर आणखी एक गोष्ट सांभाळा. अशी सही फाइलच्या मजकुराशी बांधलेली असते. सहीनंतर फाइलमध्ये फेरफार केला, ती दुसऱ्या पीडीएफमध्ये मिसळली किंवा छापून पुन्हा पीडीएफ केली, की सहीचं चित्र दिसत राहतं पण पडताळणी होत नाही. म्हणून डिजिटल सहीचा अर्ज स्वतंत्र फाइल म्हणूनच पाठवा आणि सहपत्रं वेगळ्या फाइलींत ठेवा. सगळं एकाच फाइलमध्ये हवं असेल तर आधी जोडा आणि मग सही करा.

सहीखालचे शब्द एकेक करून वाचा. नाव नोकरीच्या नोंदीत आहे तसंच हवं. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि नोंदीत जुनंच असेल, तर अर्जात नोंदीतलं लिहा. कर्मचारी क्रमांक ओळखपत्र समोर धरून अंक अंक ताडा. पदनाम आणि विभाग आजचे हवेत. जुना अर्ज उघडून त्यावरच नवा लिहिला की पदनाम मागचंच राहतं, आणि बढती किंवा बदलीनंतरच्या पहिल्या अर्जात ही चूक हमखास सापडते.

मराठी अर्जात आणखी एक जागा आहे. वरच्या मसुद्यात ‘आपला विश्वासू’ आहे आणि अर्ज बाईंचा आहे. सहकाऱ्याचा नमुना वापरला होता हे त्या एका शब्दावरून कळतं. ‘आपली विश्वासू’ करा, आणि मग मजकुरात ‘मी हजर राहणार होते’ऐवजी ‘मी हजर राहणार होतो’सारखं काही राहिलंय का तेही बघून घ्या. नमुन्यातलं लिंग एकाच ठिकाणी राहत नाही.

सहीजवळची तारीख अर्ज पाठवण्याच्या दिवसाची असावी. मसुदा गुरुवारी लिहिला आणि सोमवारी पाठवला, तर ती बदलायची. आणि पानाची मांडणी एकदा दुरून बघा. कित्येकदा मजकूर पहिल्या पानावर संपतो आणि दुसऱ्या पानावर फक्त सही आणि नाव उरतं. अशी एकटी सही कुठल्याही मजकुराखाली लावता येते, त्यामुळे ती स्वीकारायला लोक कचरतात. समास थोडे कमी करा, नाहीतर शेवटचा परिच्छेद सहीसोबत दुसऱ्या पानावर न्या.

संपर्क: रजेत असतानाचा

इथे विचारायचा प्रश्न असा: रजेच्या पाचव्या दिवशी, दुपारी, कोणाला तुम्हाला गाठायचं असेल तर या क्रमांकावर तुम्ही सापडाल का? टेबलावरचा फोन तर बादच. कामाचा मोबाइल रजेवर जाताना जमा करावा लागत असेल तर तोही बाद. कामाचा ई-मेल घरून उघडत नसेल तर त्याचाही उपयोग नाही. स्वतःचा क्रमांक आणि स्वतःचा ई-मेल द्या. राहण्याचं ठिकाण बदलणार असेल तर रजेच्या काळातला पत्ता वेगळा लिहा, कारण नोंदीतल्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र तुमच्या हाती पडणार नाही.

क्रमांक तपासायची खात्रीची रीत एकच. छापलेल्या पानावरून अंक वाचून दुसऱ्याच्या फोनवरून तो लावा. आपला क्रमांक आपल्याला पाठ असतो, त्यामुळे पानावर काय लिहिलंय ते डोळे वाचतच नाहीत, आठवणीतला क्रमांकच दिसत राहतो. उलटसुलट झालेले दोन अंक अशाच वाचनातून सुटतात. हाताने लिहिलेल्या अर्जात १ आणि ९ एकमेकांसारखे दिसतात, म्हणून तिथे क्रमांक सुटा सुटा आणि ठळक लिहावा. ई-मेल पत्त्याचंही तसंच करा: तयार झालेल्या पीडीएफमधून तो उचला आणि त्यावर स्वतःलाच एक ओळ पाठवा. पोचली की झालं.

आणखी एक क्रमांक असतो, काम सांभाळणाऱ्या सहकाऱ्याचा. तो लिहिण्याआधी त्यांना विचारलंय ना? तक्त्यात नाव घातलेलं असतं आणि त्या माणसाला पहिल्यांदा कळतं ते साहेबांच्या तोंडून. या बाईंनी विचारलं तेव्हा कळलं की सहकारी स्वतःच १३ मार्चला नसणार होते. त्या एका दिवसासाठी दुसरं नाव घालून तक्ता सुधारावा लागला. तक्ता सुधारला म्हणजे सहपत्र बदललं, म्हणून पुन्हा मागे जाऊन फाइल नवी जोडली आहे का ते पाहिलं.

आजारपणाच्या रजेत मी एक ओळ आवर्जून घालायला सांगते: कोणत्या वेळेत फोन घेता येईल. शस्त्रक्रियेच्या दिवशी फोन बंद राहणार असेल तर तेही लिहा. एरवी ‘फोन उचलत नाहीत’ अशी तक्रार उगाच तुमच्या नावावर जमा होते.

आता मजकूर, आणि त्यात फक्त तारखा

भाषा तुम्ही आधीच सुधारली असणार. या फेरीत फक्त आकडे वाचायचे. ९ ते २० मार्च म्हणजे दोन्ही दिवस धरून १२ दिवस होतात. वजाबाकी केली तर ११ येतात, आणि अर्जात तेच लिहिण्याची चूक फार होते. त्यात १४ आणि १५ मार्चला शनिवार-रविवार, म्हणून ते वगळता १० दिवस. मसुद्यातले ‘१० दिवस’ या हिशेबाने बरोबर आहेत, पण ते कोणते १० हे सांगितलेलं नाही. एक्सेलमध्ये दोन पेशींत तारखा टाकून खात्री करता येते. पहिलं सूत्र एकूण दिवस देतं, दुसरं शनिवार-रविवार वगळून:

```
=B1-A1+1
=NETWORKDAYS(A1,B1)
```

दुसरं सूत्र सणासुदीच्या सुट्ट्या आपोआप वगळत नाही, त्या वेगळ्या द्याव्या लागतात. मधल्या सुट्ट्या रजेत धरायच्या की नाहीत हे रजेच्या प्रकारावर आणि तुमच्या ठिकाणच्या नियमावर ठरतं. म्हणून दोन्ही आकडे लिहून मोकळं व्हावं. सुधारलेलं वाक्य असं झालं: ‘दि. ९ मार्च ते २० मार्च २०२६ (दोन्ही दिवस धरून १२ दिवस, त्यांपैकी शनिवार-रविवार वगळता १० दिवस) रजा मंजूर करावी. दि. २३ मार्च रोजी मी कामावर हजर होईन.’ हजर होण्याची तारीख लिहिली की पुढचे शनिवार-रविवारही आपसूक स्पष्ट होतात.

फाइली जोडणं आणि पाठवणं

पाठवताना वापरायच्या फाइली एका नव्या फोल्डरमध्ये ठेवा, आणि त्यात दुसरं काहीही नको. नावं यादीच्या क्रमाने द्या:

```
0_Raja_Arj.pdf
1_Rugnalaya_Patra.pdf
2_Doctor_Salla.pdf
3_Kaam_Vatani.pdf
```

`final2`, `navin`, `scan0007` अशी नावं ठेवली की जुनी आवृत्ती जोडली जाते. तक्त्याच्या बाबतीत हेच होणार होतं, कारण १३ मार्चची दुरुस्ती नसलेली प्रत डाउनलोडमध्ये तशीच पडून होती.

मराठी अर्ज वर्डच्या फाइलमध्ये कधीच पाठवू नका. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला अर्ज दुसऱ्याच्या संगणकावर इंग्रजी अक्षरांच्या खिचडीसारखा दिसतो. पीडीएफ केल्यावरही एकदा वाचा, विशेषतः नाव आणि जोडाक्षरं, कारण रूपांतरात काही वेळा ती फुटतात. कागदांचे फोटो काढले असतील तर ते सरळ उभे आहेत का, कोपरे कापले गेले नाहीत ना आणि शिक्का वाचता येतो का हे पाहा, आणि मग त्यांचंही पीडीएफ करा. रुग्णालयाकडून आलेली फाइल कधी पासवर्ड लावलेली असते. तुमच्याकडे ती उघडते कारण पासवर्ड तुम्ही आधीच टाकलेला असतो.

आकाराकडे लक्ष द्या. जीमेलची मर्यादा २५ एमबीची आहे, त्यापेक्षा मोठं काही जोडलं की ते ड्राइव्हची लिंक होऊन जातं आणि समोरच्याला परवानगी नसेल तर उघडत नाही. कामाच्या ठिकाणच्या सर्व्हरची मर्यादा याहून कमीही असू शकते. शिवाय ई-मेलमधून जाताना फाइल साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे १८ एमबीची फाइल प्रत्यक्षात २४ च्या आसपास जाते. चार-पाच कागदांचं मिळून ३-४ एमबीपेक्षा जास्त झालं, तर स्कॅन गरजेपेक्षा जड आहे असं समजा.

पत्ता सगळ्यात शेवटी भरा, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. फाइली जोडून झाल्या की मेलमधल्या फाइलींवरच क्लिक करून त्या एकेक उघडा. फोल्डरमधल्या उघडून उपयोग नाही, कारण जोडलं काय गेलंय ते मेलमध्येच कळतं. मेलच्या खाली आपोआप येणारी सही वाचा. तिथलं पदनाम आणि फोन अर्जातल्याशी जुळायला हवेत. मग हीच मेल आधी स्वतःच्या खासगी पत्त्यावर पाठवा आणि फोनवर उघडून पाहा, कारण बरेच अधिकारी ती फोनवरच बघणार असतात.

‘प्रत’मध्ये कोण आहे ते शेवटचं पाहा. काम वाटून घेणाऱ्या सहकाऱ्यांना तक्ता लागतो, रुग्णालयाचे कागद लागत नाहीत. म्हणून दोन मेल करा: साहेब आणि आस्थापना यांना पूर्ण संच, बाकीच्यांना फक्त तारखा आणि तक्ता. जुन्या मेलला सर्वांना उत्तर देत अर्ज पाठवला आणि वडिलांचा अहवाल सगळ्या विभागात फिरला, असं माझ्यासमोर घडलं आहे. ती मेल परत घेता आली नाही.

पाठवल्यावर ‘पाठवलेल्या’ फोल्डरमध्ये जाऊन ती मेल पुन्हा उघडा आणि फाइली मोजा: इथे चार. एखादी राहिली असेल तर एकटी ती मागून पाठवू नका. त्याच मेलला उत्तर देऊन चारही फाइली पुन्हा जोडा आणि पहिल्या ओळीत लिहा की आधीचा संच रद्द समजून हा ग्राह्य धरावा. दुसऱ्या दिवसापर्यंत पोच आली नाही तर फोन करून आवक क्रमांक विचारा आणि तो आपल्या प्रतीवर तारखेसह लिहून ठेवा.